कागदाचा खोका, कुंपण आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह

बारावीच्या मॅक्सिमा-मिनिमाच्या वर्कशीटमध्ये एक गणित हमखास असतं. आयताकृती पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे, उरलेल्या बाजू वर दुमडून बिनझाकणाचा खोका करायचा, तर खोक्यात जास्तीत जास्त मावावं म्हणून कोपरा केवढा कापायचा? मी शिकवताना पत्र्याऐवजी झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो साधा ए-फोर कागद प्रत्येकाच्या हातात देते, २१ बाय २९.७ सेंटीमीटरचा, सोबत कात्री नि चिकटपट्टी, आणि म्हणते आधी अंदाजाने कापा, गणित नंतर.

कुणी २ सेंटीमीटर कापतं, त्याचा खोका ताटासारखा पसरट होतो, मोजलं तर साधारण ८७४ मिलिलिटर. कुणी ५ कापतं, त्याचा उभट होतो, १०८३ च्या आसपास. म्हणजे कोपरा वाढवला की उंची वाढते पण तळ आक्रसतो, आणि या ओढाताणीत कुठेतरी मधे सगळ्यात फायद्याची जागा आहे हे हातानेच कळतं.

आता मांडणी. कोपऱ्याच्या चौकोनाची बाजू x धरली तर तळाची लांबी-रुंदी प्रत्येकी x ने नाही, 2x ने कमी होते, कारण दोन्ही टोकांना कापलंय. ही चूक इतकी होते की मी आधी कागद दुमडायला लावते ती यासाठीच, एकदा दुमडला की कुणी 21 − x लिहीत नाही.

V = x(21 − 2x)(29.7 − 2x)

याचा डेरिव्हेटिव्ह येतो V' = 12x² − 202.8x + 623.7, तो शून्य धरून सोडवला की x च्या दोन किमती मिळतात, साधारण ४.०४ आणि १२.८६. बरीच मुलं इथे थांबतात आणि दोन्ही उत्तरं लिहून मोकळी होतात, आणि खरं गणित तर इथून पुढे आहे.

डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे आलेख त्या जागी आडवा आहे, एवढंच. रस्ता घाटमाथ्यावर आडवा होतो आणि दरीच्या तळाशीही आडवाच होतो, तेव्हा आपण वर आहोत की खाली ते नुसत्या आडवेपणावरून सांगता येत नाही. त्यासाठी चढ कसा बदलतोय ते बघायचं. माथ्याकडे जाताना चढ कमी कमी होत जातो, माथ्यावर शून्य होतो आणि पलीकडे उतार लागतो, म्हणजे चढ सतत घटतोय. चढाचा हा बदल म्हणजेच दुसरा डेरिव्हेटिव्ह, म्हणून माथ्यावर तो ऋण निघतो आणि तळाशी धन. पाठ करणारी मुलं मायनस म्हणजे मिनिमम असं धरून बसतात आणि अख्खं उत्तर उलटं होतं, घाट डोळ्यासमोर आणला की हा घोळ होत नाही.

आपल्या खोक्यासाठी V'' = 24x − 202.8. x = 4.04 ला हा येतो साधारण −१०६, म्हणजे माथा. x = 12.86 ला येतो +१०६, म्हणजे दरी. पण दरीचं उत्तर तसंही बादच आहे, कारण २१ सेंटीमीटर रुंदीच्या कागदातून दोन्ही बाजूंनी १२.८६ कापणार कुठून? x ला शून्य ते १०.५ एवढीच मुभा आहे आणि ती सुरुवातीलाच लिहून ठेवायची. तर कोपरा ४.०४ सेंटीमीटर, आणि खोका साधारण ११२८.५ मिलिलिटरचा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कात्रीने ४.०४ कोण कापणार, आपण सरळ ४ कापतो. मग तोटा किती होतो? ४ × १३ × २१.७ केलं तर येतात ११२८.४, म्हणजे मिलिलिटरचा दहावा हिस्साही गेला नाही! अर्धा सेंटीमीटर चुकून ४.५ कापलं तरी १११८ च्या जवळपास मिळतात, जेमतेम एक टक्का कमी. हा आकडा दुसरा डेरिव्हेटिव्हच सांगतो. माथ्यापासून h एवढं सरकलं तर तोटा अंदाजे V'' च्या निम्म्याला h² ने गुणून येतो (चिन्ह सोडून), इथे ५३ गुणिले h². h लहान असला की त्याचा वर्ग आणखीच लहान, म्हणून माथ्याजवळची चूक जवळजवळ फुकटात जाते. वर्कशीटमध्ये आपण V'' चं फक्त चिन्ह बघतो आणि आकडा सोडून देतो, पण कापणाऱ्याला किती काटेकोर असायला हवं ते त्या आकड्यात असतं. तो मोठा असेल तर माथा टोकदार, तिथे हात जपून, लहान असेल तर माथा पसरट.

ही गोष्ट योहानेस केपलरच्या लक्षात आली होती, तीही कॅल्क्युलस जन्मायच्या आधी. ऑस्ट्रियातल्या लिंट्‌स शहरात राहत असताना, दुसऱ्या लग्नासाठी आणलेल्या वाइनची पिंपं व्यापारी नुसती तिरकी काठी आत घालून मोजतो हे बघून तो अस्वस्थ झाला, आणि १६१५ साली त्याने पिंपांच्या आकारमानावर पुस्तकच काढलं. त्यात त्याने नोंदवलंय की सगळ्यात जास्त मावणाऱ्या आकाराच्या आसपास माप थोडं बदललं तरी आकारमानात फरक जाणवत नाही. आपल्या ४ आणि ४.०४ ची गोष्ट तीच.

पण दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवर डोळे मिटून विसंबायचं नाही, आणि हे कुंपणाच्या गणितात छान दिसतं. ६० मीटर जाळी आहे, एका बाजूला भिंत आहे, तिथे जाळी नको, उरलेल्या तीन बाजूंना लावून सगळ्यात मोठा आयत घ्यायचा. भिंतीपासून पुढे येणारी बाजू x, तर A = x(60 − 2x), डेरिव्हेटिव्ह 60 − 4x, म्हणून x = 15. भिंतीला समांतर बाजू ३० मीटर, क्षेत्रफळ ४५० चौरस मीटर, आणि A'' = −4 म्हणजे माथाच. चेक पास.

आता समजा भिंत २० मीटरचीच आहे. A'' अजूनही −4 आहे, तो आपला माथा म्हणतोच आहे, पण ३० मीटरची बाजू त्या भिंतीवर बसतच नाही. मग टोक तपासावं लागतं. भिंतीलगतची बाजू L मानली तर २० पर्यंत क्षेत्रफळ L(60 − L)/2, आणि २० च्या पुढे भिंत संपते, तिथे मागच्या बाजूलाही जाळी लागते, म्हणून सूत्रच बदलून L(40 − L) होतं. आकडे घालून बघा: L = 18 ला ३७८, L = 20 ला ४००, L = 22 ला ३९६. म्हणजे भिंत संपते नेमकं तिथेच सगळ्यात मोठं क्षेत्रफळ, २० बाय २० चा चौरस. आलेख काढला तर L = 20 ला एक कोपरा दिसतो, डावीकडून चढ १० चा येतो आणि उजवीकडे शून्यापासून उतार सुरू होतो. त्या बिंदूला धड एक डेरिव्हेटिव्हच नाही, त्यामुळे दुसरा तिथे काढणार तरी कसा, आणि उत्तर मात्र तेच आहे.