भट्टीत मंद थंड केलेले पोलाद: लोह-कार्बन आकृतीवरून आतली रचना कशी ओळखावी
(ॲनिलिंग आणि मायक्रोस्ट्रक्चर तपासणीसाठी काम देणाऱ्या ग्राहकांसाठी)

तपासणी अहवालात 'फेराइट ५० टक्के, पर्लाइट ५० टक्के' असे लिहिलेले असते. हा आकडा बरोबर आहे का, हे ग्राहकाला स्वतःही पडताळता येते. त्यासाठी लोह-कार्बन आकृतीचा डावा खालचा कोपरा पुरतो. पोलाद म्हणजे साधारण २ टक्क्यांपर्यंतचा कार्बन, त्यामुळे उजवीकडचा बिडाचा भाग आणि वरचा वितळण्याचा भाग इथे बाजूला ठेवू.

आडव्या अक्षावर कार्बनचे वजनी टक्के असतात, उभ्या अक्षावर तापमान. आपल्याला तीनच रेषा लागतात. शुद्ध लोहाच्या ९१२ अंश सेल्सिअसपासून उजवीकडे उतरत जाणारी रेषा A3. उजवीकडून, जास्त कार्बनाच्या बाजूने खाली येणारी रेषा Acm. या दोन्ही ०.७६ टक्के कार्बनवर ७२७ अंशांना भेटतात, आणि त्या बिंदूतून जाणारी आडवी रेषा A1. (काही पुस्तकांत ०.७७ किंवा ०.८ छापलेले असते. कोणताही एक आकडा धरा, पण एका हिशेबात दोन वापरू नका.) A3 आणि Acm या दोन्हींच्या वर सगळे पोलाद ऑस्टेनाइट असते आणि कार्बन त्यात पूर्ण विरघळलेला असतो.

आता ०.४० टक्के कार्बनचे पोलाद घेऊ. अक्षावर ०.४० वर खूण करा आणि सरळ उभी रेघ ओढा. थंड होताना तुकडा या रेघेवरूनच खाली येतो, कारण त्याचा एकूण कार्बन बदलत नाही.

८५० अंशांवर रेघ ऑस्टेनाइटच्या क्षेत्रात आहे. ८०० अंशांच्या जरा खाली ती A3 ओलांडते आणि ऑस्टेनाइटच्या कणांच्या सीमांवर फेराइट दिसू लागतो. फेराइटला कार्बन जवळजवळ पचतच नाही. ७२७ अंशांना त्यात जास्तीत जास्त ०.०२२ टक्के मावतो. उरलेला कार्बन शिल्लक ऑस्टेनाइटमध्ये ढकलला जातो. ७६० अंशांवर आडवी रेघ ओढून पाहा: डावे टोक फेराइटच्या सीमेवर ०.०२ च्या आसपास, उजवे टोक A3 वर ०.६ च्या आसपास. म्हणजे इथपर्यंत साधारण तिसरा हिस्सा फेराइट झालेला आहे आणि उरलेला ऑस्टेनाइट ०.४० वरून ०.६ टक्क्यांपर्यंत कार्बनने समृद्ध झाला आहे.

तापमान उतरते तसा हा ऑस्टेनाइट A3 रेषेवरून उजवीकडे सरकत जातो आणि ७२७ अंशांना बरोबर ०.७६ वर पोचतो. मूळ पोलाद ०.२० चे असो वा ०.६० चे, शिल्लक ऑस्टेनाइटचा कार्बन इथे ०.७६ च असतो. फरक फक्त तो किती उरतो याचा. A1 खाली उतरताच या सगळ्या ऑस्टेनाइटचा पर्लाइट होतो, म्हणजे फेराइट आणि सिमेंटाइट यांचे एकाआड एक पातळ थर.

म्हणून हिशेब ७२७ च्या किंचित वर करायचा. तरफेचा नियम असा की, ज्या घटकाचे प्रमाण हवे त्याच्या समोरच्या बाजूची लांबी घ्यायची आणि पूर्ण रेघेच्या लांबीने भागायचे.

```
पर्लाइट = (0.40 − 0.022) / (0.76 − 0.022) = 0.51
फेराइट  = (0.76 − 0.40) / (0.76 − 0.022) = 0.49
```

सर्वाधिक चूक इथेच होते: जवळची बाजू घेतली जाते आणि उत्तर उलटे येते. ०.४० मध्ये उलट-सुलट झाले तरी आकडे जवळजवळ सारखे असल्याने चूक लक्षातही येत नाही. ०.२० घेऊन पाहा. योग्य उत्तर पर्लाइट सुमारे २४ टक्के आहे. ७६ आले तर बाजू चुकली.

दुसरी गल्लत A1 खालच्या हिशेबाची. तिथे रेघेची टोके ०.०२२ आणि सिमेंटाइटचे ६.६७ अशी असतात, आणि उत्तर येते सिमेंटाइट ५.७ टक्के. तेही खरेच आहे, पण तो एकूण सिमेंटाइट. तो सगळा पर्लाइटच्या थरांत आहे. मायक्रोस्कोपखाली वेगळा मोजता येत नाही. अहवालात येतो तो पर्लाइटचा आकडा.

अहवाल आणि हिशेब जुळत नसेल तर

नमुना पॉलिश करून २ टक्के नायटलने एच केल्यावर फेराइट पांढरा आणि पर्लाइट काळपट दिसतो. दोन्हींची घनता जवळपास सारखी असल्याने क्षेत्रफळाचे टक्के वजनाचे टक्के धरायला हरकत नाही. ५१ च्या जागी ५४-५५ आले तर आधी मँगनीज पाहा. आकृती फक्त लोह आणि कार्बनची आहे, बाजारातल्या ०.४० कार्बन पोलादात पाऊण टक्क्याच्या आसपास मँगनीज असते आणि ते ०.७६ चा बिंदू डावीकडे व खाली सरकवते. समजा तो ०.७० वर आला, तर वरच्याच सूत्राने पर्लाइट ५६ टक्के निघतो. यात दोष काहीच नाही.

फरक त्याहून बराच मोठा असेल आणि पर्लाइटचे थर फार बारीक असतील, तर तुकडा मंद थंड झालेला नाही. आकृतीत वेळेचा अक्ष नाही. भट्टीतच थंड होऊ दिले तरच तिचे आकडे लागू पडतात. हवेत काढलेल्या तुकड्यात फेराइटला पुरेसा वेळ मिळत नाही, रूपांतर ७२७ च्या बरेच खाली होते आणि पर्लाइट हिशेबापेक्षा जास्त दिसतो. अशा नमुन्यावरून कार्बन काढायला गेलात तर तो खऱ्यापेक्षा जास्त निघेल. पाण्यात किंवा तेलात बुडवलेल्या कामासाठी तर ही आकृती वापरूच नये.

उलट पर्लाइट फक्त पृष्ठभागाजवळ कमी आणि आत ठीक असेल, तर भट्टीत वरचा कार्बन जळाला आहे. मोजणी त्या थराच्या खाली करावी आणि थराची खोली अहवालात वेगळी मागावी.

०.७६ च्या उजवीकडे

१.० टक्के कार्बनचे पोलाद सुमारे ८०० अंशांना Acm ओलांडते. इथे कणसीमांवर आधी सिमेंटाइट येते. प्रमाण (१.० − ०.७६) / (६.६७ − ०.७६), म्हणजे जेमतेम ४ टक्के. पण ते सलग जाळीच्या रूपात बसते आणि तडा त्याच वाटेने धावतो, म्हणून तुकडा ठिसूळ. हे टाळण्यासाठी असे पोलाद Acm च्या वर नेऊन मंद थंड करत नाहीत. A1 च्या जरा वर ठेवून सिमेंटाइटचे गोल कण करतात. ऑर्डरमध्ये नुसते 'ॲनिलिंग' न लिहिता कार्बनचे टक्के आणि 'स्फेरॉइडाइझ' असे स्पष्ट लिहावे.

नायटलने सिमेंटाइटची जाळीही फेराइटसारखीच पांढरी दिसते. पर्लाइटभोवती पांढरी जाळी दिसली आणि कार्बन ०.७६ च्या आसपास असेल, तर नमुना पुन्हा पॉलिश करून उकळत्या अल्कधर्मी सोडियम पिक्रेटमध्ये एच करावा. जाळी काळी पडली तर सिमेंटाइट, पांढरीच राहिली तर फेराइट.