पिन गेटवर ठेवा: डिलिव्हरीच्या थांब्यांचा क्रम आमच्याकडून लावून घेणाऱ्यांसाठी

आम्हाला सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन हा: “नकाशावर हे दोन थांबे एकमेकांना चिकटलेत. मग तुमची यादी एक सकाळी आणि दुसरा दुपारी का देते?” बहुतेक वेळा यादी बरोबर असते. पण काही वेळा ती खरोखरच चुकलेली असते, आणि तेव्हा चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडते. हे पत्रक त्या जागेबद्दल आहे.

आधी यादी बरोबर कधी असते ते पाहू. एक रेल्वेमार्ग धरा, उत्तर-दक्षिण. दोन्ही बाजूंना रुळांना समांतर एकेक रस्ता, दोन रस्त्यांमध्ये १०० मीटर. ओलांडायला एकच फाटक, तेही दक्षिण टोकाला. तुमचं गोदाम पश्चिमेच्या रस्त्यावर, फाटकाशीच. फाटकापासून १ किलोमीटरवर पश्चिमेला थांबा ‘क’ आणि त्याच्या बरोबर समोर पूर्वेला ‘ख’. ३ किलोमीटरवर पश्चिमेला ‘ग’ आणि समोर पूर्वेला ‘घ’. शेवटचा माल उतरला की फेरी संपली.

डोळ्यांना पटणारा क्रम क, ख, घ, ग. सरळ रेषेने मोजलं तर जेमतेम ३.२ किलोमीटर. पण गाडी रुळांवरून उडत नाही. क वरून ख ला जायचं म्हणजे १ किलोमीटर मागे फाटकापर्यंत, पलीकडे, आणि पुन्हा १ किलोमीटर वर. घ वरून ग ला जाताना तोच खेळ ३ किलोमीटरचा. मीटरवर ११.२ किलोमीटर पडतात. रस्त्याच्या अंतराने क्रम येतो क, ग, ख, घ: पश्चिमेची बाजू पूर्ण उरकायची, एकदाच फाटक ओलांडायचं, मग पूर्वेची. एकूण ९.१ किलोमीटर. समोरासमोरचे क आणि ख यात लांब पडलेले दिसतात, आणि तिथेच तुमचा फोन येतो.

कोणी विचारतं, सरळ रेषेच्या अंतराला दीडने गुणून भागत नाही का? महिन्याच्या डिझेलचा ढोबळ अंदाज बांधायला भागेल. क्रमासाठी नाही, कारण सगळ्या अंतरांना एकाच आकड्याने गुणलं तर सगळे क्रम सारखेच लांब होतात आणि जिंकणारा क्रम तोच राहतो. रुळांपलीकडचा थांबा तरीही ‘शेजारी’च दिसतो. म्हणून आम्ही प्रत्येक थांब्यापासून प्रत्येक थांब्यापर्यंतचं अंतर रस्त्याने काढतो. ४० थांबे आणि गोदाम मिळून अशा १,६४० जोड्या होतात. जाणं आणि येणं वेगळं मोजावं लागतं, एकेरी रस्त्यांमुळे दोन्ही सारखे नसतात. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारं ओएसआरएम हे सॉफ्टवेअर अंतरांचा हा तक्ता बनवतं आणि सॉल्व्हर, म्हणजे सगळ्यात कमी अंतराचा क्रम शोधणारा प्रोग्राम, त्यावरून क्रम लावतो. (प्रत्यक्षात आम्ही प्रवासाच्या वेळेवर क्रम लावतो. इथे किलोमीटर घेतले ते समजायला सोपे म्हणून.)

आता चुकीची जागा. सरळ रेषेला आम्ही हिशेबातून घालवलं खरं, पण एका ठिकाणी ती उरलेली आहे: तुमच्या पिनपासून रस्त्यापर्यंत. पिन इमारतीवर असते, गाडी रस्त्यावर. त्यामुळे मोजणी सुरू होण्याआधी प्रत्येक पिन जवळच्या रस्त्यावर सरकवली जाते, आणि ‘जवळचा’ म्हणजे सरळ रेषेत जवळचा. मध्ये भिंत, नाला की रूळ, हे त्या टप्प्यावर कोणी विचारत नाही.

वरच्याच उदाहरणात ‘ख’ चं गेट पूर्वेच्या रस्त्यावर आहे, पण आवार मागे रुळांपर्यंत पसरलंय आणि रूळ पश्चिमेच्या रस्त्याला लागून आहेत. उपग्रह चित्रात मागच्या शेडचं मोठं छप्पर उठून दिसतं, म्हणून ऑफिसमधल्या कोणी पिन तिथे टाकली. तिथून पश्चिमेचा रस्ता ३० मीटर, पूर्वेचा ७० मीटर. पिन पश्चिमेला सरकली. आता सॉल्व्हरच्या लेखी क आणि ख एकाच दारात आहेत. तो क्रम देतो क, ख, ग, घ आणि सांगतो ९.१ किलोमीटर.

तोच आकडा! म्हणजे एकूण अंतर बघून काही कळायचा मार्ग नाही. ड्रायव्हर मात्र क नंतर ख चं गेट गाठायला फाटकातून फिरून जातो, ग साठी परत येतो आणि घ साठी पुन्हा जातो. त्याचा मीटर १३.३ दाखवतो. अशा वेळी आधी ड्रायव्हरला बोलणी बसतात, मग आम्हाला. शेडवरच्या पिनचा संशय कोणालाच येत नाही.

ओळखायचं कसं? आमच्या अहवालात प्रत्येक थांब्यापुढे दोन रकाने असतात: ‘पिन ते रस्ता’ आणि ‘कोणता रस्ता’. गेटवर टाकलेली पिन सहसा १५ मीटरच्या आत असते. पहिल्या रकान्यात ३० दिसलं की दुसरा वाचा, आणि रस्त्याचं नाव पत्त्याशी जुळतं का ते पाहा. दुसरा रकाना एरवीही नजरेखालून घाला. उड्डाणपुलाखालच्या दुकानाची पिन पुलावर सरकली तर अंतर २-३ मीटरच दिसेल आणि सगळं आलबेल वाटेल. नकाशात नाव नसलेल्या रस्त्यांना हा रकाना रिकामा राहतो, तिथे नकाशा उघडण्याला पर्याय नाही.

पत्ता टाइप करून मिळालेल्या पिनवर विसंबू नका. ती पुष्कळदा इमारतीच्या, कधी तर अख्ख्या वसाहतीच्या मधोमध पडते. सगळ्यात खात्रीची पिन म्हणजे पहिल्या डिलिव्हरीला ड्रायव्हरने गेटसमोर उभं राहून फोनवरून पाठवलेली. मालाचं गेट आणि माणसांचं गेट वेगळं असेल तर मालाचं. (अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर पिन भलत्याच देशात किंवा समुद्रात पडते. ती चूक लगेच दिसते, तिची आम्हाला भीती नाही.)

पिन रस्त्यापासून ३५ मीटरपेक्षा लांब असेल तर आम्ही मोजणी थांबवतो आणि तो थांबा तुमच्याकडे परत पाठवतो. यात अर्धा तास जातो आणि काहींना तो अडवणूक वाटतो. ओएसआरएमवर सोडलं तर ते पिन कितीही लांबच्या रस्त्याला नेऊन चिकटवेल आणि यादी दोन मिनिटांत हातात देईल. तशी यादी आम्हालाही देता येते, पण ती तपासायचं काम मग तुमची गाडी करते.

यादी आल्यावर थांबे हाताने वरखाली करू नका ही विनंती. ‘हा ग्राहक अकराच्या आतच घेतो’ असं कारण असेल तर ते वेळेच्या रकान्यात लिहा, बाकीचा क्रम त्याभोवती नव्याने लागेल. आमच्या हिशेबात त्या दिवशीची वाहतूक कोंडी नसते. कालपासून खोदलेला रस्ता नकाशात बंद दाखवला नसेल तर तोही आम्हाला कळत नाही. हे सांगितलंत तर तो रस्ता त्या दिवसापुरता वगळून यादी करता येते.

एकदा नक्की केलेली गेटची पिन आम्ही तुमच्या खात्यात जपून ठेवतो. पुढच्या याद्यांत तोच ग्राहक आला की पत्त्याऐवजी तीच वापरली जाते, पुन्हा विचारणा होत नाही. नवीन ग्राहकांच्या पहिल्या यादीची पिन-तपासणी आम्ही वेगळी आकारत नाही. यादी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाठवलीत तर शंका असलेले थांबे संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे येतील आणि सकाळी गाडी भरताना क्रम हातात असेल.