एसओपी आणि मोटिव्हेशन लेटर: वरचं नाव बदलून तेच पाठवू नका

मी धरमपेठेत जर्मनचे क्लास घेते, त्यामुळे जर्मनीत व्हॉलंटियर म्हणून जायला निघालेली पोरं आपलं मोटिव्हेशन लेटर माझ्याकडे वाचायला आणतात. आणि बऱ्याचदा ते मोटिव्हेशन लेटर नसतंच, मास्टर्ससाठी लिहिलेला एसओपी असतो, वरचं नाव तेवढं बदललेलं.

गोंधळ होणं साहजिक आहे, दोन्हीत "मला का यायचंय" हेच सांगायचं असतं. पण वाचणारं माणूस वेगळं आहे. एसओपी वाचतात युनिव्हर्सिटीतले लोक, त्यांना बघायचं असतं की ह्या पोराला कोर्स झेपेल का, आधी काय शिकलाय, पुढे कुठे जायचंय. आता बीएफडी घ्या, म्हणजे जर्मनीची 2011 पासूनची सरकारी व्हॉलंटियर योजना, साधारण 12 महिन्यांची, पगार नसतो, पॉकेटमनी मिळतो, आणि काम साधारणपणे फुल टाइम. तिथलं पत्र वाचते समजा एखाद्या वृद्धाश्रमात मजला सांभाळणारी बाई. तिला सकाळच्या शिफ्टला माणूस हवाय. तुमचा सीजीपीए बघून ती काय करणार? तिचे प्रश्न दोनच, हे पोरगं वर्षभर टिकेल का आणि इथे येऊन नेमकं काय करेल.

सक्करदऱ्याची एक पोरगी आली होती, बीएस्सी झालेली, वृद्धाश्रमासाठीच अर्ज करून राहिली होती. तिच्या पत्राची सुरुवात अशी: "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. मला फर्स्ट क्लास मिळाला आहे. ह्या वर्षात माझं जर्मन सुधारेल आणि पुढे मला जर्मनीत मास्टर्स करायचं आहे." एसओपीत शेवटचं वाक्य चाललं असतं, तिथे पुढचा प्लॅन विचारतातच. इथे मात्र त्या बाईला त्यातून एवढंच कळतं की पोरीला यायचंय दुसऱ्याच कामासाठी आणि अॅडमिशन मिळाली की ही मधेच सोडून जाईल. व्हिसाच्या वेळीही अशा वाक्यावरून प्रश्न येऊ शकतात. मी तिला खोटं लिही असं म्हटलं नाही बरं का, पुढे शिकायचं असेल तर विचारल्यावर सरळ सांगायचं, फक्त पत्राचा कणा तो नको.

मग मी विचारलं, बाई, म्हाताऱ्या माणसाचं काही केलंयस का कधी? तर म्हणे हो, आज्जीला अर्धांगवायू झाला होता, आठ महिने मीच जेवू घालत होते. मी म्हटलं अगं मग हे पत्रात काहून नाही! तिला वाटलं ते घरचं काम, त्याचं काय लिहायचं.

नवीन पत्रात तो परिच्छेद असा झाला, जर्मनचा मराठीत सांगते: "आज्जीला गिळायला त्रास व्हायचा. पातळ वरण दिलं की ठसका लागायचा, म्हणून डॉक्टरांना विचारून मी ते घट्ट करायचे, तिला सरळ बसवून छोट्या चमच्याने द्यायचे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचे नाही. एका जेवणाला चाळीस मिनिटं लागायची. ती चिडून ताट ढकलायची तेव्हा मी थोडं थांबून पुन्हा यायचे." कमिटमेंट हा शब्द ह्यात कुठेच नाही, पण आठ महिने, चाळीस मिनिटं आणि ढकललेलं ताट वाचून त्या बाईला जे कळायचं ते कळतं. त्याखाली एकच ओळ टाकली, डिग्री पूर्ण झाली आहे, वर्षभर कुठली परीक्षा नाही, 12 महिने पूर्ण थांबू शकते.

"मी काय देईन" हा भाग पोरांना सगळ्यात जड जातो. सगळे लिहितात भारतीय संस्कृतीची ओळख करून देईन, आणि एका मंगळवारी दुपारी तीन वाजता म्हणजे काय करणार विचारलं की गप्प. ही पोरगी हार्मोनियम वाजवते. तिने लिहिलं की आठवड्यातून एकदा दुपारी अर्धा तास वाजवेन, तिथल्या आज्ज्यांना त्यांच्या तरुणपणची गाणी विचारून त्यातली दोनतीन बसवेन. आणि जे येत नाही तेही लिहिलं, माणसाला पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवणं मला येत नाही, ते शिकावं लागेल. ह्या ओळीला ती घाबरत होती, मी ठेवायलाच लावली, कारण येत नसताना उचलायला गेलं तर दोघंही पडतात आणि हे त्या बाईला चांगलं माहीत असतं.

भाषेचंही सांगते. एसओपी दहा जणांकडून घासूनपुसून घेतला तरी खपतो. इथे पत्रानंतर बहुतेकदा व्हिडिओ कॉल असतो, आणि पत्र सी1 चं म्हणजे वरच्या पातळीचं नि बोलणं ए2 चं म्हणजे सुरुवातीच्या पातळीचं असलं तर दोन मिनिटांत उघडं पडतं. म्हणून तिच्या पत्रातल्या चुका मी दुरुस्त केल्या पण वाक्यं तिचीच छोटी छोटी राहू दिली. कॉलवर पहिला प्रश्न आज्जीबद्दलच आला, घट्ट वरण कशाने करायचीस, आणि पोरीने अडखळत का होईना पण सांगितलं, तांदळाची पेज घालून.