‘लिहिलं नाही’ म्हणजे ‘नॉर्मल’ नव्हे

सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात पडला की घरची माणसं आधी शेवटची ओळ शोधतात. ओपीडीत पन्नास पेशंट खोळंबलेले असले की डॉक्टरही तेच करतात. त्या शेवटच्या भागाला ‘इम्प्रेशन’ म्हणतात. त्याच्या वर जे काही दिसलं त्याचं सविस्तर वर्णन असतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते अजूनही एका दमात सांगितलेल्या सलग परिच्छेदाच्या रूपात येतं. हा परिच्छेद अवयवांनुसार वेगळा करून मांडणं कारकुनी काम वाटतं. प्रत्यक्षात जोखीम तिथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, रिपोर्टची धाटणी मात्र रोजची. फोंड्याकडचे 58 वर्षांचे गृहस्थ, पूर्वी खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर, विडीची सवय. उजव्या कुशीत जीवघेण्या कळा येऊ लागल्या म्हणून काँट्रास्ट, म्हणजे आतले भाग उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध, न देता पोटाचा सीटी केला. इंग्रजीतल्या रिपोर्टचा मराठी मजकूर असा:

“उजव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी, ती मूत्राशयात शिरते तिथे 6 मिमीचा खडा. उजव्या किडनीला सौम्य सूज. मागच्या वेळी डाव्या किडनीत असलेला 4 मिमीचा खडा आता दिसत नाही. लिव्हरमध्ये फॅटी बदल. मोकळं पाणी किंवा वाढलेल्या लसिकाग्रंथी नाहीत. डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी 7 मिमीची गाठ. स्वादुपिंड, प्लीहा नॉर्मल. इम्प्रेशन: उजव्या मूत्रवाहिनीत खडा, किडनीला सौम्य सूज.”

पोटाच्या सीटीत फुफ्फुसांचा तळ आपोआप येतो, म्हणून ती गाठ दिसली. इम्प्रेशनमध्ये मात्र ती उतरली नाही. कळा कशामुळे येतात, एवढाच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मिळालं. युरोलॉजिस्ट खड्याचं बघतील, पेशंट बरा होऊन घरी जाईल आणि गाठ फाइलमध्ये पडून राहील.

हा रिपोर्ट नीट मांडायचा तर आधी प्रत्येक वाक्याचे सुटे तुकडे करावे लागतात. एका तुकड्यात एकच गोष्ट: कुठला अवयव, कुठली बाजू, किती मिलिमीटर, आहे की नाही, खात्रीने की शंकेने, आणि आधीच्या तपासणीशी तुलना केली आहे का. “मोकळं पाणी किंवा वाढलेल्या लसिकाग्रंथी नाहीत” हे वाक्य पाहा. मूळ इंग्रजीत ‘नो’ एकदाच, सुरुवातीला येतो आणि दोन्ही गोष्टींना लागू होतो. घाईत तुकडे करणारा पाण्याला तो ‘नो’ लावतो आणि लसिकाग्रंथींच्या रकान्यात नुसतं ‘वाढलेल्या’ टाकून मोकळा होतो. निरोगी ग्रंथी कागदावर रोगट होतात. संगणकाचीही हीच अडचण होते. 2001 साली मांडलेल्या ‘नेगेक्स’ या साध्या नियमावलीत नकाराचा शब्द सापडला की त्याच्या आसपासच्या पाच शब्दांपर्यंतच त्याचा अंमल धरायचा, असं ठरवलं होतं. वाक्य लांबलं की सहावा-सातवा शब्द नकाराच्या कुंपणाबाहेर जातो.

डाव्या किडनीतल्या जुन्या खड्याचंही तसंच आहे. ‘डावी किडनी, खडा, 4 मिमी’ एवढेच तुकडे उचलले तर नसलेला खडा परत जन्माला येतो. तुलनेचा रकाना वेगळा ठेवायचा तो यासाठी.

आता खरी मेख. तयार नमुन्यात प्रत्येक अवयवाला एक ओळ असते आणि ती रिकामी दिसली की हात शिवशिवतो. वरच्या रिपोर्टात पित्ताशयाचा उल्लेखच नाही. अपेंडिक्सचाही नाही. बऱ्याच नमुन्यांत ‘नॉर्मल’ आधीच भरलेलं असतं, आणि कोणी बदललं नाही तर तसंच छापलं जातं. या गृहस्थांचं पित्ताशय पूर्वीच काढलेलं असेल तर? नसलेला अवयव नॉर्मल ठरवणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत, आणि पेशंट ते दाखवून हसतात तेव्हा रेडिओलॉजिस्टचं तोंड पाहण्यासारखं असतं.

म्हणून माझ्या मते रकान्यात चार वेगळी उत्तरं शक्य असली पाहिजेत: दोष आहे, दोष नाही असं स्पष्ट म्हटलं आहे, उल्लेख नाही, आणि या तपासणीत ठरवता येत नाही. शेवटचं उत्तर सगळ्यांत जास्त विसरलं जातं. काँट्रास्टशिवाय केलेल्या सीटीत खडा लख्ख दिसतो, पण लिव्हरमधली लहान गाठ आजूबाजूच्या भागात मिसळून जाऊ शकते. तिथे ‘लिव्हरमध्ये गाठ नाही’ असं ठामपणे लिहिणं म्हणजे तपासणीने न दिलेली हमी देणं. आणि अपेंडिक्सपुढे ‘उल्लेख नाही’ असं राहिलं, तर उजव्या बाजूच्या दुखण्यात सर्जन ते नक्की विचारेल. ते ज्याने चित्रं पाहिली त्यालाच विचारायचं, आपण भरायचं नाही.

फुफ्फुसातल्या गाठीबद्दलही एक प्रश्न परत पाठवावा लागतो: तिच्यात कॅल्शियम आहे का? आपल्याकडे जुन्या क्षयाच्या खुणा म्हणून पूर्ण कॅल्शियमने भरलेल्या लहान गाठी पुष्कळ दिसतात आणि त्यांच्यामागे लागायची गरज नसते. मूळ मजकुरात याबद्दल एक अक्षर नाही. समजा उत्तर आलं: कॅल्शियम नाही, गाठ भरीव आहे. मग छातीच्या तपासण्यांतल्या तज्ज्ञांच्या फ्लायश्नर सोसायटीच्या 2017 च्या शिफारशी लागू होतात. पोटाच्या सीटीत अशी 6 ते 8 मिमीची गाठ अचानक सापडली तर 3 ते 12 महिन्यांत पूर्ण छातीचा सीटी करावा, मुदत पेशंटच्या जोखमीनुसार ठरवावी, असं त्या सांगतात. 6 मिमीपेक्षा लहान असती तर पुढे काही करायची गरज नव्हती, 8 च्या वर असती तर लगेच छातीचा सीटी. म्हणजे 7 चा आकडा टाइप करताना 1 झाला तर सल्लाच बदलतो. मांडणी झाल्यावर मूळ मजकुरातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक ‘डावा-उजवा’ बोट ठेवून नव्या मजकुरात शोधायचा, ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही. एखादा सापडला नाही तर तो गळला. जास्तीचा सापडला तर तो कोणीतरी घुसवला.

सगळं जुळल्यावर इम्प्रेशन असं होतं:

1. उजव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी 6 मिमीचा खडा, त्याच्या अडथळ्यामुळे उजव्या किडनीला सौम्य सूज.
2. डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी 7 मिमीची भरीव गाठ, कॅल्शियम नाही. धूम्रपानाचा इतिहास लक्षात घेऊन पूर्ण छातीचा सीटी, मुदत 3 ते 12 महिन्यांच्या आत ठरवावी.
3. फॅटी लिव्हर.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी, ज्यावर पुढे काही करायचं आहे ते त्यानंतर, बाकीचं शेवटी. जागच्या जागी असलेल्या नॉर्मल अवयवांची यादी इथे नको. दुसरी ओळ मूळ इम्प्रेशनमध्ये नव्हती, त्यामुळे ती मांडणी करणाऱ्याने गुपचूप घालायची नसते. रेडिओलॉजिस्टने वाचून, दुरुस्ती म्हणून नोंदवून सही करायची असते.

अवयवांनुसार मांडण्याचा एक तोटाही आहे, तो पहिल्या ओळीत दिसतो. खडा मूत्रवाहिनीच्या रकान्यात गेला आणि सूज किडनीच्या. दोन्ही बरोबर, पण एकामुळे दुसरं झालं हे दोन्ही रकान्यांत कुठेच नाही. सलग परिच्छेदात ती वाक्यं शेजारी होती म्हणून संबंध आपोआप कळत होता. तो आता ‘त्याच्या अडथळ्यामुळे’ अशा शब्दांत इम्प्रेशनमध्ये मुद्दाम लिहावा लागतो.