एएमएच आणि एएफसी: दोन टेस्ट, एकच प्रश्न, आणि त्यांच्याकडून भलतंच उत्तर मागणारे आपण

मी मिरजेत सोनोग्राफी करते. सांगली, तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडनं बायका येतात आणि हल्ली दर आठवड्याला कोणीतरी मोबाईलवर ब्लड रिपोर्ट उघडून विचारतंच, "मॅडम, एएमएच लो आलंय, आता मूल होणारच नाही का?" सोबत सासूबाई असल्या तर त्यांचाही चेहरा पडलेला असतो. म्हणून या दोन टेस्ट शेजारी शेजारी ठेवून नीट सांगायचंय.

एएमएच ही रक्ताची टेस्ट. अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल म्हणजे पाण्याच्या इवल्याशा पिशव्या असतात, प्रत्येकीत एक कच्चं अंडं. त्या पिशव्यांच्या अस्तरातल्या पेशी हे हार्मोन बनवतात, त्यामुळे पिशव्या जितक्या जास्त तितकं रक्तात एएमएच जास्त. पाळीच्या कुठल्याही दिवशी रक्त दिलं तरी फारसा फरक पडत नाही, उपाशी पोटी जायचीही गरज नाही. एएफसी म्हणजे त्याच पिशव्या सोनोग्राफीत डोळ्यांनी मोजायच्या. पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, योनीमार्गातून प्रोब घालून, दोन्ही अंडाशयांत २ ते १० मिलिमीटरच्या किती दिसतात ते मोजायचं आणि बेरीज करायची.

म्हणजे दोन्ही टेस्ट एकाच गोष्टीकडे बघतात, एक रक्तातून आणि एक पडद्यावर. आणि दोघींनाही अंडाशयातल्या अंड्यांचा खरा साठा दिसत नाही बरं का, कारण झोपलेली अंडी हे हार्मोनही बनवत नाहीत आणि सोनोग्राफीत दिसतही नाहीत. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात आज किती माल आला यावरून कोल्ड स्टोरेजमध्ये किती पडून असेल याचा अंदाज बांधतात ना, तसंच हे आहे, आणि माल किती आला यावरून बेदाणा गोड आहे का ते कळत नाही. अंड्याची क्वालिटी दोन्ही टेस्टला कळत नाही, ती मुख्यतः वयावर जाते.

आता दोन्ही कुठं कुठं फसवतात ते एका उदाहरणातनं बघू. समजा ३१ वर्षांची बाई आहे, मूल हवंय म्हणून चारेक महिनेच झालेत प्रयत्न सुरू करून. कुठल्याशा हेल्थ पॅकेजमध्ये एएमएच केलं, ०.९ नॅनोग्राम आलं. मग सोनोग्राफी झाली, रिपोर्टवर एएफसी ५. दोन्ही कमी, म्हणून कोणीतरी सांगितलं की वेळ घालवू नका, थेट टेस्ट ट्यूब करा. घरात रडारड.

पण आधी विचारायचं, त्याआधी काय चाललं होतं? पाळी अनियमित म्हणून हिनं जवळजवळ वर्षभर गर्भनिरोधक गोळ्या घेतलेल्या आणि त्यातल्या शेवटच्या पाकिटानंतर लगेचच पॅकेज केलेलं, म्हणजे "चारेक महिने प्रयत्न" हे सगळं गोळ्यांच्या अधेमधे चाललेलं, एक पाकीट घ्यायचं, एक सोडायचं. या गोळ्यांनी एएमएच खाली जातं, पिशव्याही कमी आणि लहान दिसतात, बंद केल्यावर पूर्ववत यायला साधारण दोन-तीन महिने जातात. आणि सोनोग्राफी? ती पाळीच्या बाराव्या दिवशी, पोटावरनं केलेली, एका अंडाशयात १७ मिलिमीटरचं मोठं फॉलिकल वाढलेलं. पोटावरनं बारीक पिशव्या नीट दिसत नाहीत आणि मोठं फॉलिकल शेजारच्या लहानग्यांना झाकतं. म्हणजे एएमएच गोळ्यांमुळे फसलं आणि एएफसी दिवस आणि पद्धतीमुळे, आणि दोन्ही एकाच दिशेला फसल्यामुळे खरं वाटलं. तीन महिन्यांनी तिसऱ्या दिवशी योनीमार्गातून बघितलं तर उजवीकडे ७, डावीकडे ६, मिळून १३, आणि त्याच लॅबमधलं एएमएच १.५. या वयाला घाबरण्यासारखं यात काही नाही.

एएफसी बघणाऱ्याच्या हातावरही जातं. एकाला १३ दिसतील तर दुसऱ्याला ११, मशीन जुनं असेल तर अजून कमी. एएमएचमध्ये हात नाही पण किट आहे, दोन लॅबचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय युनिट! काही रिपोर्ट पिकोमोलमध्ये असतात, ०.९ नॅनोग्राम म्हणजे साधारण ६.४ पिकोमोल, सातानं गुणायचं साधारण. मागचा ६.४ आणि आताचा ०.९ बघून "सहा महिन्यांत एवढं घसरलं" म्हणून घाबरलेल्या बायका बघितल्यात मी, तो आकडा एकच असतो.

बरं, खरोखरच कमी असेल तर? दोन्ही टेस्ट नीट केल्या आणि कमीच आल्या, तर त्यातनं कळतं ते हे की आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूबच्या उपचारात, इंजेक्शनं दिली तर अंडी कमी निघण्याची शक्यता आहे. त्यावरनं डोस ठरतो. उलट एएमएच ३.५ नॅनोग्रामच्या वर, पिशव्या खूप, पीसीओएससारखं, तर अंडाशय फुगून पोटात पाणी होण्याचा धोका, म्हणून डोस जपून. या कामाला दोन्ही टेस्ट खरंच चांगल्या आहेत.

पण आपोआप दिवस राहतील का, हे त्या सांगत नाहीत. का, तर बहुतेकदा महिन्याला अंडं एकच सुटतं, रांगेत पाच असोत की पंधरा. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाची हिस्टरी नसलेल्या ७५० बायकांवर अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्या आणि नॉर्मल असलेल्या, दोघींत सहा पाळ्यांत दिवस राहण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच, ६५ आणि ६२ टक्के. अर्थात त्यात मोजलं ते फक्त दिवस राहणं, बाळ झालं का ते नाही, आणि आधीच वर्षानुवर्षं मूल न होणाऱ्या बायका त्यात नव्हत्या, हे लक्षात ठेवायचं.

आणि याच्या उलटी चूक मला जास्त टोचते. ३९ वर्षांची बाई, एएमएच २.८, म्हणून "अजून टाईम आहे" म्हणत थांबते. साठा छान असेल, पण अंडी ३९ वर्षांचीच आहेत. ३५ च्या आत असाल तर नियमित प्रयत्न करून वर्षभरात दिवस राहिले नाहीत की डॉक्टरकडे जायचं, ३५ नंतर सहा महिन्यांतच, एएमएच कितीही आलं तरी. आणि नवऱ्याची सिमेन टेस्ट आणि ट्यूबची तपासणी झाल्याशिवाय सगळं खापर या एका आकड्यावर फोडू नका.

एक अपवाद आहे, तो सोडू नका. वय चाळिशीच्या आत, पाळी चार-चार महिने लांबतेय किंवा बंदच झालीय आणि एएमएच अगदीच कमी, तर वाट बघायची नाही, एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी करून घ्यायची आणि ते जास्त आलं तर काही आठवड्यांनी परत. तसंच अंडाशयातल्या चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशनला जाणार असाल तर आधी एएमएच करून ठेवा, कारण सिस्ट काढताना आजूबाजूचा चांगला भागही थोडा जातो आणि आकडा उतरतो.

सोनोग्राफीला येताना पाळी कोणत्या तारखेला आली ते लिहून आणा, गोळ्या घेत असाल तर पाकीट आणा आणि जुना रिपोर्ट फोटोत नको, अख्खा आणा, म्हणजे युनिट दिसतं.