जास्त पाण्यातले एस्टरचे जलापघटन: छद्म प्रथम कोटीची पार्श्वभूमी

रासायनिक अभिक्रियेचा वेग समीकरणात मांडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न 1850 चा आहे आणि तो एस्टरवर नव्हे, साखरेवर झाला. हायडेलबर्ग येथील लुडविग विल्हेल्मी यांनी आम्ल घातलेल्या साखरेच्या द्रावणाचे प्रकाशीय वलन ध्रुवणमापीने ठरावीक वेळांनी मोजले आणि ठरावीक क्षणी साखर किती वेगाने नाहीशी होते हे त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेवर अवलंबून असते असे दाखवले. त्यांच्या समीकरणात साखरेचे प्रमाण होते, आम्लाचेही होते. पाणी मात्र त्यात कोठेच नव्हते. साखरेचा प्रत्येक रेणू फुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, तरीही समीकरण मापनांशी जुळले. भाग घेणारा एक पदार्थ मुबलक असल्याने वेग दुसऱ्याच्याच प्रमाणावर अवलंबून दिसतो, याला आज छद्म प्रथम कोटी म्हणतात आणि त्याचे हे पहिले उदाहरण, पण त्या काळी त्यात काही वगळले गेले आहे असे कोणाला वाटलेही नसावे. हा निबंध पुढे तीस-पस्तीस वर्षे दुर्लक्षित राहिला आणि 1884 मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्याकडे लक्ष वेधल्यावरच त्याला त्याचे स्थान मिळाले.

विल्हेल्मींना जे अनायासे मिळाले ते ऑक्सफर्ड येथील व्हर्नन हारकोर्ट आणि गणितज्ञ विल्यम एसन यांनी 1860 च्या दशकात हेतुपुरस्सर घडवून आणले. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइड यांच्या अभिक्रियेत त्यांनी थायोसल्फेटची थोडी थोडी मात्रा घालून तयार होणारे आयोडीन लगेच पुन्हा आयोडाइडमध्ये बदलले, त्यामुळे आयोडाइडचे प्रमाण कायम राहिले, आम्ल मुबलक असल्याने तेही जवळपास स्थिर राहिले, आणि बदलणारी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे पेरॉक्साइड. प्रत्येक मात्रा संपली की स्टार्चचा निळा रंग उमटे आणि त्या क्षणाची नोंद होई. एक सोडून बाकी सारे घटक स्थिर ठेवावेत आणि त्या एकाचाच हिशेब मांडावा, ही रीत येथे प्रथम स्पष्ट दिसते.

याच रीतीने एस्टरचा अभ्यास झाला तो मुख्यतः ओस्टवाल्ड यांच्या हातून. ते रीगा येथे प्राध्यापक असताना 1883 मध्ये त्यांनी मिथाइल ॲसिटेटवर निरनिराळ्या आम्लांचा परिणाम मोजला. एस्टर निवडण्यामागचे कारण व्यावहारिक आहे. साखरेच्या अभिक्रियेत आम्ल तयार होत नाही, म्हणून तेथे ध्रुवणमापी लागतो; मिथाइल ॲसिटेटचे जलापघटन झाले की ॲसेटिक आम्ल आणि मिथाइल अल्कोहोल मिळते, म्हणजे जितके एस्टर फुटले तितके नवे आम्ल द्रावणात येते आणि ते मोजायला अल्कली भरलेले ब्युरेट पुरते. उत्प्रेरक म्हणून घातलेले आम्ल खर्च होत नसल्याने प्रत्येक वाचनात त्याचा वाटा तेवढाच राहतो आणि वजाबाकीत निघून जातो.

येथे एक शंका रास्त आहे. तयार होणारे ॲसेटिक आम्लही उत्प्रेरक ठरून अभिक्रियेचा वेग वाढवणार नाही का? याचे उत्तर ओस्टवाल्ड यांच्या मापनांतच आहे: हायड्रोक्लोरिक आम्लाचा परिणाम 100 मानला तर तितक्याच तीव्रतेच्या ॲसेटिक आम्लाचा परिणाम एकाच्या अर्ध्याहूनही कमी भरतो. शिवाय हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सान्निध्यात ॲसेटिक आम्लाचे आयनीभवन आणखी दबते, म्हणून ते उत्प्रेरक म्हणून नगण्य मानले तरी चालते. आम्लांचा हाच क्रम स्वांते अऱ्हेनियस यांनी मोजलेल्या विद्युतवाहकतेच्या क्रमाशी जुळतो हे 1884 मध्ये ओस्टवाल्ड यांच्या ध्यानात आले, आणि एस्टरचे फुटणे हे आम्लाचे बळ मोजण्याचे साधन बनले. त्याच वर्षी याकोबुस व्हान्ट हॉफ यांनी अभिक्रियांची वेगानुसार वर्गवारी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळात कोटी, म्हणजे मापनात वेग किती संहतींवर अवलंबून दिसतो, आणि रेणुता, म्हणजे प्रत्यक्ष किती रेणू भाग घेतात, यांतला फरक स्पष्ट नव्हता, त्यामुळे पाण्याचा रेणू प्रत्यक्ष भाग घेत असूनही अशा अभिक्रिया ‘एकरेण्वीय’ म्हणून नोंदल्या जात. जुनी पुस्तके वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे.

पाणी हिशेबातून वगळणे कितपत योग्य आहे, हे प्रयोगशाळेत नेहमी केल्या जाणाऱ्या प्रयोगाच्या आकड्यांवरून पाहता येते. 0.5 मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाच्या 100 मिलिलिटर द्रावणात 5 मिलिलिटर मिथाइल ॲसिटेट घातले, तर मिश्रणात एस्टरची संहती सुमारे 0.60, आम्लाची 0.476 आणि पाण्याची सुमारे 52 मोल प्रतिलिटर होते. एस्टर पूर्णपणे फुटले तरी पाण्याची संहती सव्वा टक्काही घटत नाही. एस्टरची संहती मात्र याच काळात शून्याकडे जाते. म्हणून वेगाच्या समीकरणातले पाणी आणि आम्ल स्थिरांकात सामावून घेता येतात आणि उरलेले समीकरण केवळ एस्टरचे राहते.

प्रयोगाची पद्धत अशी: मिश्रण 25 अंश सेल्सिअसच्या तापस्थापीत ठेवायचे, ठरावीक वेळेला 5 मिलिलिटर नमुना पिपेटने काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचा आणि फिनॉल्फ्थॅलिन घालून 0.2 मोलार सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करायचे. थंड पाण्याने अभिक्रिया थांबत नाही, पण थंडी आणि विरलन या दोहोंमुळे इतकी मंदावते की अनुमापनाच्या वेळात फरक जाणवत नाही. वेळ नोंदवायची ती पिपेट अर्धी रिकामी झाली त्या क्षणाची. सुरुवातीचे वाचन V₀, वेळ t चे वाचन Vt आणि अभिक्रिया संपल्यानंतरचे V∞ धरले, तर V∞ − V₀ हे सुरुवातीच्या एस्टरच्या आणि V∞ − Vt हे उरलेल्या एस्टरच्या प्रमाणात असते. अल्कलीची अचूक तीव्रता माहीत नसली तरी चालते, कारण गुणोत्तरात ती उडून जाते. वेगाचा स्थिरांक k असा मिळतो:

```
k = (2.303 / t) × log [(V∞ − V₀) / (V∞ − Vt)]
```

नमुन्यादाखल V₀ = 11.90 आणि V∞ = 26.20 मिलिलिटर घेऊ. 30, 60, 120 आणि 180 मिनिटांची वाचने अनुक्रमे 13.25, 14.45, 16.50 आणि 18.25 असतील, तर k चे मूल्य 0.00331, 0.00327, 0.00323 आणि 0.00326 प्रतिमिनिट येते. सरासरी सुमारे 0.00327 आणि अर्धायुष्य साधारण साडेतीन तास. पहिले मूल्य थोडे वेगळे आहे, त्यात गूढ काही नाही: 30 मिनिटांत वाचन जेमतेम 1.35 मिलिलिटरने वाढलेले असते, त्यामुळे ब्युरेटच्या 0.05 मिलिलिटर चुकीचा भार तेथे सर्वांत जास्त पडतो.

या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा V∞ चा. अनेक वह्यांत तो सूत्रानुसार काढलेला दिसतो. वरच्या मिश्रणात 5 मिलिलिटर नमुन्यातले सगळे एस्टर फुटले असते तर अंतिम वाचन 26.90 यायला हवे होते. प्रत्यक्षात ते 26.20 आले, कारण ही अभिक्रिया उलट दिशेनेही चालते आणि एवढे पाणी असूनही सुमारे चार-पाच टक्के एस्टर समतोलात शिल्लक राहते. म्हणजे मोजलेले V∞ पूर्ण जलापघटनाचे नसून समतोलाचे असते. तरीही हिशेबात मोजलेलेच मूल्य वापरायला हवे. 26.90 घेतले, तर तीच चार वाचने 0.00314, 0.00311, 0.00305 आणि 0.00306 देतात. मूल्ये सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होत जाताना दिसली, की आधी V∞ कडे संशयाने पाहावे. उलट बाजूचा परिणामही आहे: मोजलेल्या V∞ ने मिळालेला k हा केवळ पुढच्या अभिक्रियेचा नसून त्यात परतीच्या अभिक्रियेचा थोडा वाटा मिसळलेला असतो, आणि तो येथे पाच टक्क्यांच्या आसपास आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात तो चालवून घेतला जातो, पण अचूक कामात त्याची दुरुस्ती करावी लागते.

V∞ मिळवायला वेळही पुरेसा द्यावा लागतो. वरच्या k नुसार 25 अंशांवर 24 तासांनीही सुमारे एक टक्का अंतर कापायचे राहते, म्हणजे वाचन सव्वा दशांश मिलिलिटरने कमी भरते. 48 तासांत ते ओलांडले जाते. घाई असेल तर मिश्रणाचा काही भाग बुचाच्या फ्लास्कमध्ये गरम करतात. मात्र मिथाइल ॲसिटेट 57 अंशांच्या जवळ उकळते, त्यामुळे बूच सैल असले तर एस्टर वाफेतून निघून जाते आणि V∞ हमखास कमी येतो. या चुकीची ओळख अशी की शेवटच्या वाचनांकडे k वाढत जातो. V₀ च्या बाबतीत इतकी काळजी लागत नाही. log (V∞ − Vt) आणि वेळ यांचा आलेख काढला तर k उतारावरून मिळतो आणि V₀ ची चूक उताराला स्पर्शही करत नाही, म्हणून सूत्रापेक्षा आलेख अधिक भरवशाचा.

अंत्यबिंदूचीही एक खोड आहे. गुलाबी रंग आला की थोड्या वेळात तो फिका होतो, कारण जास्त झालेले हायड्रॉक्साइड उरलेल्या एस्टरवर आम्लापेक्षा कितीतरी वेगाने तुटून पडते. काही सेकंद टिकणारा पहिला गुलाबी रंग हाच अंत्यबिंदू. त्यानंतर थेंब टाकत राहणे म्हणजे एस्टरचे साबणीकरण मोजणे होय.

मिळालेल्या k मध्ये आम्ल दडलेले आहे हे तपासणे सोपे आहे. 0.00327 ला 0.476 ने भागले की 0.0069 लिटर प्रतिमोल प्रतिमिनिट असा आकडा मिळतो, आणि आम्लाची तीव्रता निम्मी केली तर k साधारण निम्मा होतो, पण हा भागाकार जवळपास तोच राहतो. पाण्याबाबत अशी सोय नाही. ते कमी करायचे तर ॲसिटोनसारखा दुसरा द्रावक घालावा लागतो आणि मग माध्यमच बदलते, त्यामुळे वेगातला फरक पाण्याच्या संहतीचा की माध्यमाचा हे वेगळे करता येत नाही. पाण्याचा रेणू नेमका कोठे जोडला जातो, हा प्रश्न म्हणूनच ब्युरेटने सुटला नाही. 1934 मध्ये पोलान्यी आणि साबो यांनी ऑक्सिजन-18 असलेल्या पाण्यात अमाइल ॲसिटेटचे अल्कलीने जलापघटन करून जड ऑक्सिजन आम्लाच्या भागात जातो, अल्कोहोलमध्ये जात नाही, असे दाखवले. म्हणजे बंध तुटतो तो ॲसिल गट आणि ऑक्सिजन यांच्यातला. आम्लाच्या माध्यमातला असाच प्रयोग इंगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकाच्या अखेरीस केला आणि तेथेही तोच बंध तुटत असल्याचे आढळले.