रीड रेप्लिकेवरील रात्रकालीन अहवाल-क्वेरी

व्यवहारांच्या नोंदी जिथे होतात त्या मुख्य डेटाबेसवर भार पडू नये म्हणून डॅशबोर्डांसाठी लागणाऱ्या दीर्घ व जड क्वेरी त्याच्या सतत अद्ययावत होणाऱ्या, केवळ वाचनासाठी खुल्या असलेल्या प्रतीवर, म्हणजे रीड रेप्लिकेवर, रात्रीच्या वेळी चालवण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीतील तपशील मुख्यतः पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेस प्रणालीला अनुसरून दिला आहे. इतर प्रणालींत तत्त्व तेच असले तरी सेटिंगची नावे व मर्यादा वेगळ्या आहेत.

या पद्धतीचा उगम नेमका कोणत्या टप्प्यावर मानावा याबद्दल मतभेद आहेत. रात्री हिशेब मिळवून सकाळी छापील अहवाल देण्याची रीत मेनफ्रेमच्या काळापासून चालत आली आहे, म्हणून काही जण आजच्या पद्धतीला तिचाच विस्तार मानतात. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात मांडलेल्या डेटा वेअरहाऊसच्या रचनेत आहे. तीत व्यवहाराचा डेटा आणि विश्लेषणाचा डेटा वेगळा ठेवण्याची कल्पना स्पष्टपणे येते. मात्र डेटा वेअरहाऊसमध्ये डेटा नव्याने रचून भरला जातो, तर रेप्लिका ही मूळ डेटाबेसची जशीच्या तशी प्रत असते. हा फरक लक्षात घेता, वाचनासाठी खुली प्रत सर्वसामान्य प्रणालींत उपलब्ध झाली तो काळ आरंभबिंदू धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मायएसक्यूएलमध्ये प्रतिकृतीची सोय साधारणतः २००० च्या सुमारास आली. ओरॅकलने २००७ च्या ११जी आवृत्तीत बदल लागू होत असतानाच प्रत वाचता येण्याची सोय दिली. पोस्टग्रेसच्या ९.० आवृत्तीत ती सप्टेंबर २०१० मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने मायएसक्यूएलसाठी रीड रेप्लिकांची सेवा सुरू केली. लहान व मध्यम व्यापारी संस्थांपर्यंत ही पद्धत पोहोचली ती यानंतरच.

जड क्वेरीमुळे मुख्य सर्व्हर मंदावतो तो कुलुपांमुळे, असा समज आढळतो. तो बहुतांशी बरोबर नाही. पोस्टग्रेसमध्ये एका ओळीच्या अनेक आवृत्त्या ठेवल्या जात असल्याने वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. मंदपणा येतो तो डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर यांवर दोघांचा एकाच वेळी ताण पडल्यामुळे. शिवाय क्वेरी चालू असेतो तिला दिसू शकणाऱ्या जुन्या ओळी साफ करता येत नाहीत, त्यामुळे टेबले फुगत जातात. रेप्लिका यांपैकी पहिला ताण पूर्णपणे दूर करते. दुसरा मात्र सेटिंगनुसार मागच्या दाराने परत येऊ शकतो, त्याचा विचार पुढे येईल.

नागपूरच्या गांधीबाग परिसरातील एखाद्या घाऊक औषधविक्रेत्याचे उदाहरण घेता येईल. दिवसभर किरकोळ दुकानांची बिले बनतात, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडच्या मागण्या येतात आणि रात्री नऊच्या सुमारास दिवसअखेरची नोंद होऊन काउंटर बंद होतो. सकाळी मालकाला तीन गोष्टी पाहायच्या असतात: कोणाकडे किती उधारी थकली, कोणत्या बॅचची मुदत येत्या ९० दिवसांत संपते आणि कोणता माल हलत नाही. या तीन उत्तरांसाठी काही वर्षांची बिले, परतावे व साठा एकमेकांशी जोडावे लागतात. समजा, त्याला चाळीस मिनिटे लागतात. हे काम दुपारी मुख्य सर्व्हरवर लावले तर काउंटरवरचे बिल अडखळते. रेप्लिकेवर दुपारी लावले तर बिले अडखळणार नाहीत, पण मुख्य सर्व्हरकडून येणारे बदल लागू करण्याचे काम रेप्लिकेवर एकच प्रक्रिया करत असल्याने तीच मागे पडते आणि रेप्लिकेवरून साठा पाहणाऱ्या विक्री प्रतिनिधींना जुने आकडे दिसतात. रात्रीची निवड प्रामुख्याने या कारणासाठी होते. रात्र म्हणजे कोणता वेळ, हे त्या त्या व्यवसायावर ठरते: कळमना बाजारात भाजीपाल्याच्या गाड्या उजाडण्याआधीच लागत असल्याने तेथील अडत्याला मध्यरात्रीच काम संपवावे लागेल, तर रात्रभर गाड्या हलवणाऱ्या वाहतूकदाराला कदाचित दुपारच सोयीची ठरेल.

रात्रीचे काम सुरू करण्यापूर्वी त्या दिवसाचा सर्व डेटा रेप्लिकेवर पोहोचला आहे का, हे तपासणे आवश्यक असते. यासाठी सर्रास `now() - pg_last_xact_replay_timestamp()` हा फरक वापरला जातो. हे मोजमाप दिवसा ठीक चालते. रात्री मुख्य सर्व्हरवर एकही व्यवहार होत नसेल तर मात्र रेप्लिका पूर्ण अद्ययावत असूनही फरक वाढतच जातो आणि काम विनाकारण थांबून राहते. त्यापेक्षा दिवसअखेरची नोंद रेप्लिकेवर दिसते का एवढेच पाहणे अधिक भरवशाचे आहे. रेप्लिका बदल मूळ क्रमानेच लागू करते. त्यामुळे ती नोंद दिसली की तिच्याआधी पक्के झालेले प्रत्येक बिल तेथे आलेलेच असते.

या पद्धतीतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे चालू क्वेरी आणि येणारे बदल यांचा संघर्ष. मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूम ही प्रक्रिया निरुपयोगी झालेल्या जुन्या ओळी काढून टाकते आणि ते काढणेही, प्रत्येक बदल क्रमाने टिपणाऱ्या वॉल नोंदवहीतून, रेप्लिकेकडे जाते. रेप्लिकेवरच्या दीर्घ क्वेरीला नेमक्या त्याच ओळी पाहणे गरजेचे असेल तर दोघांपैकी एकाला थांबावे लागते. वरील उदाहरणात क्वेरी रात्री एक वाजता सुरू झाली आणि सव्वा वाजता मुख्य सर्व्हरवरील नियोजित व्हॅक्यूमने बिलांच्या टेबलातील, एकनंतर बदललेल्या ओळींच्या जुन्या आवृत्त्या काढल्या, असे समजू. रेप्लिका थोडी वाट पाहते, कारण `max_standby_streaming_delay` चे मूळ मूल्य ३० सेकंद असते. त्यानंतर क्वेरी रद्द होते आणि नोंदीत पुढील ओळी उमटतात:

```
ERROR:  canceling statement due to conflict with recovery
DETAIL:  User query might have needed to see row versions that must be removed.
```

हे ३० सेकंद प्रत्येक क्वेरीला स्वतंत्रपणे मिळत नाहीत. मिळालेला बदल लागू करण्यास एकूण किती उशीर चालेल, याची ती मर्यादा आहे. त्यामुळे एका क्वेरीने ती मुदत वापरली असेल तर रेप्लिका पुन्हा बरोबरीला येईपर्यंत पुढच्या क्वेरीला जवळपास काहीच सवलत उरत नाही. एकामागून एक तीन डॅशबोर्ड कोसळतात आणि दोष मात्र शेवटच्या क्वेरीवर येतो, असे यामुळेच घडते. रात्री काम शांतपणे होईल ही अपेक्षाही येथे थोडी फसवी ठरते, कारण साफसफाई आणि जुन्या नोंदी वगळण्याची कामे प्रशासक बहुधा त्याच तासांत लावतात. संघर्ष किती व कोणत्या प्रकारचे झाले हे रेप्लिकेवर असे पाहता येते:

```
SELECT datname, confl_snapshot, confl_lock
FROM pg_stat_database_conflicts;
```

`confl_snapshot` वाढत असेल तर कारण वरीलप्रमाणे साफसफाईचे. `confl_lock` वाढत असेल तर मुख्य सर्व्हरवर टेबलाची रचना बदलणे किंवा व्हॅक्यूमने टेबलाचे रिकामे शेपूट छाटणे यासाठी घेतलेले कडक कुलूप हे कारण असण्याची शक्यता अधिक.

यावर दोन उपाय प्रचलित असून जाणकारांत त्यांबाबत एकमत नाही. पहिला उपाय म्हणजे `hot_standby_feedback` सुरू करणे. त्यामुळे रेप्लिका आपल्या सर्वांत जुन्या क्वेरीची माहिती मुख्य सर्व्हरला कळवत राहते आणि तेथील व्हॅक्यूम त्या ओळींना हात लावत नाही. क्वेरी बहुधा वाचते, पण तिच्या काळात मुख्य सर्व्हरवरील टेबले फुगतात. म्हणजे ज्या व्यवहारांना जपण्यासाठी रेप्लिका उभारली त्यांच्यावरच भाराचा एक भाग परत जातो. कुलुपाचे संघर्षही याने टळत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे उशिराची मर्यादा वाढवणे:

```
max_standby_streaming_delay = 3h
hot_standby_feedback = off
```

यात संघर्ष आल्यास क्वेरी संपेपर्यंत रेप्लिका बदल लागू करणे थांबवते व नंतर भरून काढते. थांबलेले बदल डिस्कवर साठत असल्याने डेटा हरवत नाही, मात्र त्यासाठी रेप्लिकेच्या डिस्कवर पुरेशी जागा राखावी लागते. मुख्य सर्व्हर बंद पडल्यास हीच रेप्लिका त्याच्या जागी आणायची असेल तर साठलेले सर्व बदल आधी लागू व्हावे लागतात आणि तेवढा वेळ धंदा ठप्प राहतो. म्हणून अहवालांसाठी एक आणि आपत्तीसाठी दुसरी अशा दोन रेप्लिका ठेवून पहिलीवर दुसरा उपाय योजणे हे अधिक निर्दोष मानावे लागते. एकच रेप्लिका परवडत असेल तर मुख्य सर्व्हरवरील नियोजित व्हॅक्यूम अहवालानंतर, समजा पहाटे तीनला, लावल्याने बरेचसे संघर्ष टळतात. गरजेनुसार आपोआप चालणारा ऑटोव्हॅक्यूम मात्र ते वेळापत्रक पाळत नाही.

तिन्ही उत्तरे एकाच क्षणाची असावीत, उधारीच्या बेरजेत आलेले बिल साठ्यातून वजा झालेले नाही असे होऊ नये, यासाठी ती एकाच `REPEATABLE READ` ट्रान्झॅक्शनमध्ये घेतात. रेप्लिकेवर `SERIALIZABLE` पातळी चालत नाही. अशा ट्रान्झॅक्शनमुळे संघर्षाची शक्यता तेवढीच लांबते, हे गृहीत धरूनच वरील मर्यादा ठरवावी लागते.

रेप्लिकेवर लिहिता येत नाही. तात्पुरते टेबलही बनत नाही आणि मटेरियलाइज्ड व्ह्यू ताजा करता येत नाही. त्यामुळे `\copy` ने निकाल फाइलमध्ये काढून तो छोट्या वेगळ्या अहवाल-डेटाबेसमध्ये भरतात व डॅशबोर्ड तेथूनच वाचतो.

वेळेच्या बाबतीत एक चूक वारंवार आढळते. क्लाउडवरील सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. रात्री एकसाठी, ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमध्ये `30 19 * * *` लिहावे लागते. नुसते `0 1 * * *` लिहिल्यास काम सकाळी साडेसहाला सुरू होते. याहून लपून राहणारा दोष तारखेचा आहे. नागपुरात १५ तारखेची रात्रीची एकची वेळ असताना यूटीसीत अद्याप १४ तारीखच असते. तेथे कालचा दिवस म्हणून `current_date - 1` वापरल्यास १४ ऐवजी १३ तारखेची विक्री येते आणि आकडे दिसायला अगदी संभाव्य असल्याने कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय म्हणून सत्राच्या आरंभी `SET timezone = 'Asia/Kolkata';` देतात आणि डॅशबोर्डवर आकड्यांशेजारी ते कोणत्या दिवसअखेरपर्यंतचे आहेत ती तारीख छापतात.

मुदत संपलेल्या बॅचची विक्री काउंटरवरच रोखणे किंवा उधारीची मर्यादा ओलांडलेल्या दुकानाचे बिल थांबवणे यांसाठी ही पद्धत उपयोगी नाही. ती तपासणी बिल बनतानाच मुख्य डेटाबेसवर, योग्य इंडेक्सच्या आधारे लहान क्वेरीने करावी लागते.